बेरजेतला झिरो

आमच्याकडे गावोगाव एक माणूस असतो, त्याला झिरो वायरमन म्हणतात. वीज कंपनीच्या लाईनमनकडे दहा-बारा गावं असतात. तो सगळीकडे पोचू शकत नाही. मग गावातलाच एखादा धीट माणूस पकड आणि टेस्टर घेऊन खांबावर चढायला लागतो, आणि दोन-तीन वर्षांत ते कामच त्याचं होऊन जातं. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं आणि गणवेशही नसतो. म्हणून झिरो. माझे आप्पा भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावचे झिरो वायरमन होते. लहानपणी मला हा शब्द मोठा वाटायचा. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी एकदा तसाच लिहिला होता. बाईंनी तो खोडून 'शेतमजूर' लिहिलं. तेही खरं होतं. आप्पा दिवसा लोकांच्या केळीत राबायचे आणि डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बिघडली की हातातलं काम टाकून धावायचे.

हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही. पण त्या रागात मीही आहे. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करते.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. जळगावात पिंप्राळ्याला मावशीकडे राहते. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, कारण फॉर्म भरायला उशीर झाला आणि तिथे जागा शिल्लक होत्या. पहिल्या वर्षी पहिलंच प्रकरण उपयुक्ततावादाचं होतं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. प्रत्येक कृतीने कोणाला किती सुख, कोणाला किती दुःख, ते मांडायचं, बेरीज-वजाबाकी करायची आणि जी बेरीज मोठी ती कृती बरोबर. राजा असो की मजूर, प्रत्येकाला एकच धरायचं, कोणी दीड नाही की अर्धा नाही. हे वाचून मी इतकी खूश झाले होते की मावशीला स्वयंपाक करता करता समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हाई त बाजारमा बी करतस."

त्याच वर्षी एक मेच्या ग्रामसभेला मी गावी होते. विषय निघाला शटडाऊनचा. नव्या लाईनमनने निरोप पाठवला होता की डीपीवर कुठलंही काम असो, अगदी फ्यूजची तार बदलायची असली तरी, सबस्टेशनवरून पूर्ण लाईन बंद करून घ्या. म्हणजे परमिट घ्या, मग हात लावा. आमची पद्धत वेगळी होती. डीपीच्या खांबावर तीन पात्यांचा एक स्विच असतो, त्याला एबी म्हणतात. खालून हँडल ओढलं की तिन्ही पाती उघडतात आणि तेवढी एक डीपी बंद होते. बाकी लाईन चालूच राहते. आप्पा हँडल ओढायचे, वर चढायचे, दहा मिनिटांत काम करून उतरायचे. पूर्ण लाईन बंद करायची म्हणजे आसपासच्या गावांच्या पाण्याच्या मोटारी अर्धा तास तरी थांबणार. आणि शेतीची वीज आठच तास.

सरपंचांना आम्ही सगळे नाना म्हणतो. ते म्हणाले, "आमनी पोर कॉलेजले जास. तिले इचारा. ती सांगी बरोबर काय ते."

मी उठले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. शाळेच्या फळ्यावर मी खडूने मांडलं. लाईनवर साधारण दोनशे मोटारी. प्रत्येकीचा अर्धा तास. म्हणजे प्रत्येक वेळी शंभर तासांचं पाणी जाणार. दुसऱ्या बाजूला काय? एक माणूस, दहा मिनिटं, आणि धोका अगदी थोडा, कारण इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं. शंभर तासांसमोर मी त्या धोक्याची एक छोटी रेघ ओढली. तो 'एक माणूस' कोण, हे फळ्यावर लिहिलं नाही. लिहायची गरज वाटली नाही.

टाळ्या पडल्या. नाना म्हणाले, "दखा! बठ्ठासना फायदा." आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा. ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहिलं: चालू पद्धत कायम ठेवण्याचे सर्वानुमते ठरले. मागे भिंतीला टेकून बसलेले आप्पा हसत होते. घरी जाताना मायला म्हणाले, "फळावर कितली मस्त बोलनी आपली पोर."

पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, त्या स्विचचं तिसरं पातं गंजून अडकलं होतं.

आप्पांनी हँडल ओढलं. दोन पाती उघडली, एक नाही. दुपारच्या उन्हात वर बघितलं तर तीनही उघडल्यासारखीच दिसली असणार. खाली पाच-सहा जण उभे होते, केळीला ताण बसला होता, लवकर करा म्हणत होते. आप्पा चढले आणि उजवा हात जिवंत तारेपाशी गेला. मायने फोन केला तेव्हा मी वाचनालयात होते. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं "तुना आप्पा, तुना आप्पा" चाललं होतं.

त्यांना धुळ्याला नेलं. मी जळगावहून पारोळ्यामार्गे बसने पोचले तेव्हा हाताला कोपरापर्यंत पट्टी होती आणि डाव्या तळपायालाही. वीज हातातून शिरून पायातून बाहेर पडली होती. नंतर उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, म्हणून नर्स म्हणाली की नशीब समजा. मी समजले नाही.

तिसऱ्या दिवशी नाना आले, चार माणसं आणि केळीची फणी घेऊन. चांगल्या मनाने आले होते, हे मला कबूल आहे. आप्पांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "जीव वाचना, हाई मोठी गोट. तुनामुळे बठ्ठासन्या केळी वाचन्यात."

आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "लाईन चालू व्हयनी ना, नाना?"

मी खोलीबाहेर गेले. जिन्यात बसून मी स्वतःचाच हात इतका जोरात दाबला की वळ उठले. 'बठ्ठासन्या' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. सगळ्यांच्या केळी. सगळ्यांचा फायदा. त्या सगळ्यांत आप्पा होते की नव्हते? तो हिशोब मीच खडूने मांडला होता आणि त्यातली ती छोटी रेघ आता आत पलंगावर पडून लाईनची चौकशी करत होती.

जूनमध्ये तिसरं वर्ष सुरू झालं. नीतिशास्त्राला एक नव्या मॅडम होत्या, धुळ्याच्याच. त्यांनी करारवाद शिकवायला घेतला. मी मागच्या बाकावर बसत होते. लक्ष नसायचं. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि मी वर बघितलं.

वाक्य साधारण असं होतं: माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचे असे नियम शोधा, जे कोणालाही वाजवीपणे नाकारता येणार नाहीत. अशा नियमांनी जी कृती मना केली, ती चूक.

"इथे बेरीज कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. "नाही. इथे सुखाचा गठ्ठा करायचा नाही. एकेका माणसाकडे जायचं. त्याला विचारायचं, हा नियम असला तर तुला काय सोसावं लागेल? मग दुसऱ्याकडे जायचं. हा नियम नसला तर तुला काय सोसावं लागेल? एकाचं कारण दुसऱ्या एकाच्या कारणाशेजारी ठेवायचं. ज्याची तक्रार सगळ्यांत जड, आणि कोणालाच तेवढं जड पडणार नाही असा पर्याय ज्याला दाखवता येतो, त्याचा नकार वाजवी."

मी हात वर केला. वर्गात मी फार कमी बोलते. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे हे ग्रामसभेतल्या सर्वानुमतेसारखं का? एकाने नाही म्हटलं की झालं?"

"नाही, आणि ही चूक सगळेच करतात. हा नकाराधिकार नाही. उद्या कोणी म्हणेल, मला गावात रस्ताच नको, माझ्या म्हशीला आवाज आवडत नाही. तो नाकारतोय, पण वाजवीपणे नाही. कारण रस्ता नसला तर बाळंतिणीला दवाखान्यात नेता येणार नाही, तिची तक्रार त्याच्यापेक्षा जड. नकार तोंडाने देता येतो का, हा प्रश्न नाही. नकाराला कारण आहे का, आणि ते इतरांच्या कारणांपुढे टिकतं का, हा आहे. शिवाय नाकारणारा असा हवा, ज्याला इतरांनाही पटतील असे नियम खरंच शोधायचे आहेत."

मग मी त्यांना गोष्ट सांगितली. आमची आहे असं म्हणाले नाही. एका गावातला एक झिरो वायरमन, दोनशे मोटारी, अर्धा तास. पण माझा आवाज फाटला, त्यावरून वर्गाला कळलं असावं.

माझ्या शेजारची मैत्रीण यावलची. घरी केळीच्या बागा आहेत, डोकं तल्लख, आणि तिला उपयुक्ततावाद आवडतो. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "पण मॅडम, बेरीज नीट केली तरी तेच उत्तर येतं ना? हात आयुष्यभराचा जातो. घरच्यांचं दुःख, बाकीच्या वायरमनांची भीती, सगळं धरायचं. अर्ध्या तासाच्या पाण्याने केळी मरत नाही, आमच्याकडे त्याहून जास्त खाडे होतात. म्हणजे बेरीज करणाऱ्याचं गणित चुकलं, बेरीज नाही चुकली."

ती बोलली ते खरं होतं आणि मला लागलं. बेरीज करणारी मीच होते.

मॅडम म्हणाल्या, "चांगला मुद्दा आहे, तो सोडायचा नाही. उपयुक्ततावादी माणूस निर्दय नसतो, तो वायरमनलाही मोजतो. पण आता मोटारी वाढवा. दोनशेच्या दोन हजार करा. वीस हजार करा. प्रत्येकाचा तोटा तेवढाच, अर्धा तास. तुझ्या बेरजेत एक आकडा असा येणार की नाही, जिथे हात हरेल?"

मैत्रिणीने वहीच्या कडेला आकडे मांडून पाहिले. मग म्हणाली, "येणार."

"करारवाद म्हणतो, येणार नाही. कारण तो वीस हजार अर्धे तास एकत्र कोणी सोसत नाही. दहा हजार तासांची तहान लागलेला असा एकही माणूस या जगात नाही. अर्धा तास सोसणारी वीस हजार माणसं आहेत, आणि त्यातल्या एकालाही वायरमनसमोर उभं राहून म्हणता येणार नाही, की माझा अर्धा तास तुझ्या हातापेक्षा जड आहे."

मला तेव्हा रडू आलं नाही. मला राग आला. इतकी साधी गोष्ट. दोनशे माणसांपैकी प्रत्येकाला एकेकटं आप्पांसमोर उभं केलं असतं तर एकाच्याही तोंडून शब्द निघाला नसता. एकत्र उभे राहिले, म्हणून टाळ्या वाजल्या.

पण मॅडमनी मला तिथेच सोडलं नाही. तास संपल्यावर थांबवलं. म्हणाल्या, "वाईट वाटेल, पण विचारते. त्या माणसाला होणारा अपघात आधी माहीत नव्हता. होता तो फक्त धोका, आणि तोही थोडा. एसटी चालवली की कोणीतरी कधीतरी चाकाखाली येणार हे आपल्याला माहीत असतं. मग एसटी पण वाजवीपणे नाकारता येईल का?"

मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. दोन दिवसांनी मी त्यांना जाऊन उत्तर सांगितलं. एसटी बंद केली तर प्रत्येकाचं आयुष्य अडतं, माझं शिक्षणसुद्धा. आणि ब्रेक, परवाना, वेगाची मर्यादा, एवढी काळजी घेऊन ती चालते. धोका सगळ्यांवर थोडा थोडा आणि फायदाही सगळ्यांना. इथे धोका दर वेळी त्याच एका माणसावर, फायदा दुसऱ्यांना, आणि तो टाळायला दुसऱ्यांचा एकेकाचा फक्त अर्धा तास जातो. काळजी घेणं इतकं स्वस्त असून घेतली नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर जातेस. पण धोका मोजायचा की शेवटी झालेली इजा मोजायची, यावर करारवाद्यांत अजून भांडण आहे. आणि दोन माणसांचे हात विरुद्ध एका माणसाचा हात असा प्रश्न आला तर करारवादाला घाम फुटतो. एकेकाची तक्रार सारखीच जड, मग दोघांना का वाचवायचं? उत्तरं आहेत, पण मला पूर्ण पटलेली नाहीत. हे विसरू नकोस. रागाच्या भरात कुठल्या पक्षात जाऊन बसू नकोस."

मी अजूनही ते विसरलेले नाही. पण त्या वेळी मला पक्ष हवा होता.

कारण गावात डीपीला दुसरा माणूस नव्हता. जुलैत आप्पांची पट्टी सुटली आणि लोक पुन्हा घरी यायला लागले. आप्पांना ते आवडत होतं. तीन बोटांनी पकड धरायची सवय करत होते. मी शनिवारी घरी आले की ते अंगणात बसून तारेचे तुकडे कापताना दिसायचे.

मी म्हटलं, "आप्पा, आता नका चढू."

"मंग कोन चढी?"

"लाईनमन चढेल. परमिट घेऊन. त्याचं काम आहे ते."

"तो येस कवय? संध्याकायले. तवलोंग लोकेसन्या मोटारी बंद."

"मग राहू द्या बंद!"

आप्पांनी तार खाली ठेवली. "तू गाव सोडी गयी बेटा. माले आठेच ऱ्हावानं शे. कोनी हाक मारस, माले बरं वाटस." मग तार परत उचलत म्हणाले, "आनि मनी काही हरकत नही."

हे वाक्य ऐकून माझा सगळा राग त्यांच्यावर गेला. मी ओरडले. माय आतून धावत आली. मी म्हणाले की तुमची हरकत नाही म्हणजे काय, तुम्हाला हरकत घ्यायचं माहीतच नाही. गावाने हाक मारली एवढ्यावर तुम्ही हात देता. हे बोलायला नको होतं. आप्पांनी उजवा हात पंच्याखाली घेतला. रात्रभर मला झोप आली नाही आणि त्यांनाही आली नसावी. पण एक गोष्ट मला त्यात कळली. मॅडम 'तोंडाने दिलेला नकार' आणि 'नकाराला असलेलं कारण' वेगळं का करत होत्या, ती. होकाराचंही तसंच आहे. माणूस हो म्हणतो तेवढ्याने नियम बरोबर ठरत नाही. तो हो का म्हणतो, त्याच्यासमोर दुसरं काय ठेवलं होतं, हेही बघावं लागतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. त्याच शाळेत, त्याच फळ्यासमोर. मी उठून म्हटलं, शटडाऊनचा ठराव बदला. लाईन बंद केल्याचा निरोप आल्याशिवाय कोणीही खांबावर चढायचं नाही.

नाना हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच मला जास्त टोचलं. "आते उलटी बोलस का पोर? तवय तूच त गणित कयं व्हतं ना?"

लोक हसले. मी म्हटलं, "हो नाना. मीच केलं होतं. चुकलं माझं. आता गणित नाही करत, विचारते. नाना, तुमच्या केळीला एक दिवस अर्धा तास पाणी कमी मिळालं तर काय होईल?"

"मी एकलाच शे का? बठ्ठा गाव—"

"गाव राहू द्या. तुमचं सांगा. तुमच्या केळीचं."

"काही व्हवाव नही," नाना म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं, "नानानी केळी त नानापेक्षा धट शे," आणि पुन्हा हसू झालं. मी पुढच्याला विचारलं. कापसावाला होता, त्याने मान हलवली. त्याच्या पुढच्यालाही. मी एकेकाकडे जात होते आणि हळूहळू हसू बंद होत गेलं. लोकांना ते आवडत नव्हतं. एकेकट्याने उत्तर द्यायचं म्हटलं की सगळे आप्पांकडे न बघायची काळजी घेत होते.

पाचवा होता आमच्या गल्लीतला भाऊ. त्याच्या आईला श्वासाचा त्रास आहे, घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. तो म्हणाला, "अक्का, गावनी लाईनवर काम निघनं त मनी माय काय करी? तिले अर्धा तास नही चालस."

मी अडखळले. खरंच अडखळले. ही खरी तक्रार होती. अर्ध्या तासाच्या पाण्याच्या रांगेत ती बसत नव्हती. एका श्वासाला एका हातासमोर ठेवावं लागत होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुझं बरोबर आहे. तुला न सांगता लाईन बंद करता येणार नाही. सिलिंडर भरून घरी ठेवू, तू फोन उचलून हो म्हटल्यावरच बंद करायची. हे पण ठरावात घालू." तो म्हणाला, "मंग चाली." एवढंच. दोघांनाही सोसेल असा पर्याय निघाला, कारण त्याने स्वतःचं कारण सांगितलं आणि गावाचं नाव पुढे केलं नाही.

मला वाटलं, झालं. पण नानांनी आप्पांकडे वळून विचारलं, "तू सांग. खांबवर तू चढस. तुले काही हरकत शे का?"

सगळी सभा मागे वळली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, मागच्या वेळी जिथे होते तिथेच. उजवा हात पंच्याखाली.

"नही, नाना," आप्पा म्हणाले.

"मंग? ज्याना हात गया त्यालेच हरकत नही!" नानांनी दोन्ही हात पसरले. खुर्च्या सरकल्या. ग्रामसेवक लिहू लागला. मी त्याच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, माझी हरकत आहे, मी मतदार आहे, सर्वानुमते लिहू नका.

"ताई, दर वेळी असंच लिहितो आपण."

"म्हणूनच नका लिहू."

त्याने नानांकडे बघितलं. नानांनी चष्मा पुसायला घेतला. ग्रामसेवकाने लिहिलं: चालू पद्धत सर्वानुमते कायम. मी टेबलावर हात आपटला. शाईची बाटली पडली नाही, काहीच झालं नाही. फक्त माझा तळहात दुखला.

सप्टेंबरात, मी घरी असताना, मळ्याच्या डीपीची तार पुन्हा गेली. सकाळी नऊची वेळ. नानांच्या सालदाराचा फोन आला. आप्पांनी पिशवी घेतली आणि निघाले. पंधरा ऑगस्टपासून आम्ही नीट बोललोच नव्हतो. पण मी मागे मागे गेले.

डीपीपाशी सात-आठ माणसं होती, नाना स्वतः होते. कोणीतरी आधीच हँडल ओढून ठेवलं होतं. "एबी उघडी शे आप्पा, चढा." आप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि वर बघत राहिले. बराच वेळ. तीन पाती होती. तिन्ही उघडल्यासारखी दिसत होती. मलाही तशीच दिसत होती.

"काय दखतस?" नाना म्हणाले. "नवी पाती टाकेल शे तठे."

आप्पा म्हणाले, "सबस्टेशनले फोन लावा. लाईन बंद करा."

"ग्रामसभामा त तू—"

"तठे बठ्ठा बसेल व्हतात." आप्पांनी उजवा हात पंच्यातून बाहेर काढला आणि खांबाच्या दिशेने केला. तीन बोटं. "आठे मी एकला चढस. माले हरकत शे."

मग नानांनी खिशातून फोन काढला.

लाईन बंद झाली, पण परमिट लाईनमनच्याच नावावर मिळतं, म्हणून लाईनमनला यावं लागलं. तो मोटारसायकलवर पस्तीस मिनिटांनी आला. तोपर्यंत आम्ही बांधावर बसून होतो. आसपासच्या मोटारी थांबल्यामुळे शिवार इतकं शांत होतं की पाटातलं उरलेलं पाणी जिरताना ऐकू येत होतं. एकजण घड्याळ बघून म्हणाला, "अर्धा तास गया." आप्पा म्हणाले, "हां. गया."

लाईनमनने तारेवर अर्थिंगची साखळी टाकली, पट्टा बांधला आणि स्वतः वर चढला. आप्पा खालून त्याला तार देत होते. ती मापाची कापलेली होती, अंगणात बसून त्यांनीच कापलेली. वरून तो म्हणाला, "आप्पा, तुमची तार बरोबर बसली." आप्पांनी मान हलवली. त्यांना आता वर चढायची गरज उरली नव्हती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

परत येताना ते पुढे चालत होते, मी मागे. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. मला रागच येत होता. नानांचा, दप्तरातल्या त्या 'सर्वानुमते'चा, आणि दोन बोटं गेल्यावर एका माणसाला जे वाक्य सुचलं ते बाकी दोनशे जणांना त्याच्या जागी उभं राहून आधी का सुचलं नाही, याचा. त्या दोनशेत मी पहिली होते. माझ्या हातात खडू होता.

घराजवळ आल्यावर आप्पा थांबले, मागे न वळता म्हणाले, "ते वाजवी काय म्हनतस, ते माले परत सांग एकदाव."

मी दारातच बसून त्यांना सांगायला लागले.